पुरणपोळी खाल्ली म्हणून डाएट मोडत नाही. ‘८०-२०’चं गणित समजून घ्या

मुरगूड परिसरात गौरी आल्या की पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, हे ठरलेलं. वजन कमी करायला निघालेल्यांची पंचाईत इथेच होते. ‘गोड बंद’ म्हणणारा माणूस आग्रहाखातर एक पोळी खातो आणि मग ‘आता मोडलंच आहे’ म्हणत चौथीपर्यंत पोहोचतो.

हा फक्त मनाचा कमकुवतपणा नाही. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ मध्ये विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खाऊ दिलं. एरवी बेतानं न खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. नियम जितका कडक, तितकं तो मोडल्यावरचं खाणं मोठं.

‘८०-२०’ पद्धतीत गोडाला आधीच जागा ठेवलेली असते. समजा, तुमची रोजची गरज २००० कॅलरींची आहे. आठवड्याच्या झाल्या १४,०००. त्यातला ८० टक्के भाग भाकरी, डाळ, उसळ, भाज्या, अंडी, दूध यांचा. उरलेल्या २८०० कॅलरी आवडीच्या. मध्यम आकाराची पुरणपोळी आणि वर चमचाभर तूप मिळून साधारण ३०० कॅलरी होतात. गौरीपूजनाला दोन पोळ्या खाल्ल्या तर ६०० गेल्या. उरलेल्या सहा दिवसांसाठी २२०० शिल्लक, म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या थोडं वर. मोदक, करंजी त्यात आरामात बसते. मात्र या पोळ्या जेवणातल्या भाताऐवजी हव्यात, भातानंतर नकोत.

घोळ बहुतेक वेळा ‘२०’मध्येच होतो. अनेक जण सहा दिवस जेमतेम १६०० वर राहतात आणि रविवार ‘मोकळा’ सोडतात. त्या एका दिवशी बिर्याणी, पेढे, थंड पेय मिळून ५००० झाल्या, तर आठवड्याची बेरीज १४,६०० होते. सहा दिवसांची उपासमार वाया! आणि पोळीत गूळ आहे म्हणून ती मोजायची नाही, असंही चालत नाही. आपला कोल्हापुरी गूळ कितीही नामांकित असला, तरी १०० ग्रॅममध्ये साधारण ३८० कॅलरी देतो. साखर ४०० च्या आसपास.

आदल्या दिवशीच्या हरतालिकेसारखा कडक उपास आणि दुसऱ्या दिवशी मोदकांवर ताव, हाही त्याच चक्राचा भाग. सणाच्या सकाळी नाश्ता चुकवू नका; भुकेल्या पोटी दोन पोळ्यांवर थांबणं अवघड.

मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हे गणित डॉक्टरांना विचारूनच मांडावं. आणि लपूनछपून खाणं, पोट दुखेपर्यंत न थांबणं, नंतर ओकारी काढणं असं वारंवार होत असेल, तर कॅलरी मोजणं बंद करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे हिशेबाची वही त्रास वाढवते.