शब्दाला धरायचे कुठे, आणि सोडायचे कुठे?

आपले कार्यकर्ते पोलीस ठाण्यात किंवा प्रांत कार्यालयात वाद घालताना एक वाक्य हमखास बोलतात, "साहेब, कायद्याचे शब्द काय पाहता, आत्मा पाहा!" वकिली सुरू केली तेव्हा मीही हेच बोलत असे. एका अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात जामिनाला विरोध करताना मी अर्धा तास कायद्याच्या आत्म्यावर बोललो. न्यायाधीशांनी शांतपणे विचारले, "वकीलसाहेब, कलमाचे शब्द तुमच्या बाजूने असताना तुम्ही त्यांच्यापासून पळता का?" त्या दिवशी जे शिकलो ते कायद्याच्या वर्गात शिकलो नव्हतो.

कायद्याचा अर्थ लावताना पहिला नियम शब्दशः अर्थाचा. शब्दांचा जो साधा, सरळ अर्थ आहे तोच घ्यायचा, मग परिणाम कुणाला कडू लागो वा गोड. दुसरा सुवर्ण नियम. १८५७ साली इंग्लंडमध्ये ग्रे विरुद्ध पिअर्सन खटल्यात लॉर्ड वेन्सलीडेल यांनी तो मांडला. साधा अर्थच घ्यायचा, पण त्यातून विसंगत, हास्यास्पद निष्पत्ती होत असेल तर ती टाळण्यापुरताच अर्थ वळवायचा. 'टाळण्यापुरताच' हे विसरले की सुवर्ण नियमाचे सोने राहत नाही. आता दोन प्रसंग घेऊ. कुठला नियम कुठे लागतो, हे वाचकांनीच आधी मनाशी ठरवावे.

पहिला प्रसंग. पाथर्डी तालुक्यातले एक कुटुंब समजा. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. त्यांची दीड एकर जमीन कालव्याच्या भूसंपादनात होती. १२ नोव्हेंबरला अधिकाऱ्याने कार्यालयात बसून निवाड्यावर सही केली आणि कागद फायलीत गेला. नोटीस कुणाला दिलीच नाही. कुटुंब मे महिन्यात परतले. २० जूनला सातबारा काढायला गेल्यावर कळले की निवाडा झाला आहे आणि मोबदला मातीमोल आहे. वाढीव मोबदल्यासाठी संदर्भ अर्ज करायचा, तर कायदा म्हणतो, 'निवाड्याच्या दिनांकापासून सहा महिन्यांच्या आत'. सहा महिने १२ मे रोजीच संपले. कार्यालय म्हणणार, अर्ज मुदतबाह्य.

शब्दशः पाहिले तर कार्यालय बरोबर आहे. दिनांक म्हणजे कागदावरची तारीख. पण मग निष्पत्ती काय? कायदा एका हाताने दाद मागण्याचा हक्क देतो आणि ज्याला निवाडा माहीतच नाही त्याच्याकडून तोच हक्क दुसऱ्या हाताने काढून घेतो. अधिकाऱ्याने सहा महिने कागद दाबून ठेवला की हक्क आपोआप मेला.

नेमका हाच प्रश्न १९६१ साली राजा हरीशचंद्र राज सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अर्जदार राजा, आपला माणूस ऊसतोड्या. पण कलमाला दोघे सारखेच. तिथे निवाड्यावर सही झाली होती २५ मार्च १९५१ रोजी. मालकाला कळले जानेवारी १९५३ मध्ये आणि त्याने अर्ज केला २४ फेब्रुवारी १९५३ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी. त्यांनी सांगितले की निवाडा म्हणजे सरकारच्या वतीने मालकापुढे ठेवलेला मोबदल्याचा देकार आहे. देकार ज्याला द्यायचा त्याला कळल्याशिवाय पुरा होत नाही. म्हणून इथे 'दिनांक' या शब्दाचा केवळ शाब्दिक, यांत्रिक अर्थ लावणे योग्य नाही. निवाडा ज्या दिवशी पक्षकाराला प्रत्यक्ष कळवला, किंवा त्याला कळला असे मानता येते, तो त्याचा दिनांक. १९६३ च्या कैसर जहाँ बेगम खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. निवाडा झाला एवढी कुणकुण लागणे पुरेसे नाही, त्यातला महत्त्वाचा मजकूर कळला पाहिजे.

हा सुवर्ण नियमाचा प्रसंग. पण न्यायालयाने सहा महिन्यांचे आठ महिने केले नाहीत, हे नीट पाहावे. मुदत तीच राहिली, फक्त 'दिनांक' या शब्दाला जो दुसरा अर्थ पेलतो तो घेतला.

दुसरा प्रसंग. जिल्ह्यातल्याच एखाद्या गावात वस्तीवर हल्ला होतो, अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होतो आणि आरोपी अटकपूर्व जामीन मागतो. वकील म्हणतो, "खोट्या केसेस होतात, निरपराध माणूस तुरुंगात जाईल, हे अन्यायाचे आहे, तेव्हा कलम १८ जरा सैल वाचा." कलम १८ म्हणते, या कायद्याखालील आरोपावरून होणाऱ्या अटकेच्या प्रकरणाला अटकपूर्व जामिनाची तरतूद मुळीच लागू होणार नाही. (ती तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३८ होती, १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये आहे.)

इथे सुवर्ण नियम लागत नाही. निष्पत्ती आरोपीला कठोर आहे, पण विसंगत नाही. संसदेला नेमके हेच हवे होते. शिवाय 'मुळीच लागू होणार नाही' या शब्दांना 'कधीकधी लागू होईल' हा अर्थ पेलतच नाही. इथे शब्दशः अर्थ हीच आपली ढाल आहे.

आणि ही ढाल एकदा हातातून गेली होती. महाराष्ट्रातूनच गेलेल्या सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी अनुच्छेद २१ चा आधार घेऊन कायद्यात नसलेल्या अटी घातल्या. गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी, अटकेआधी मंजुरी. २ एप्रिलला देश बंद झाला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ आणले आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या अटी मागे घेतल्या. गैरवापराची भीती हे कलमात नवे शब्द घालण्याचे कारण होत नाही.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. फेब्रुवारी २०२० च्या पृथ्वीराज चौहान निकालानुसार फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर कलम १८ ची आडकाठी उरत नाही. म्हणजे फिर्याद ढिली लिहिली तर ढालही ढिली. शिवीगाळ 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झाली की नाही हे फिर्यादीत यावे लागते. २००८ च्या स्वर्णसिंग निकालाने दाखवले की खासगी अंगणसुद्धा रस्त्यावरून दिसत असेल तर त्यात बसते. तेव्हा कोण कुठे उभे होते आणि कुणी पाहिले, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

पाथर्डीच्या त्या कुटुंबाकडे परत येऊ. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ मध्येही 'निवाड्याचा दिनांक' हे शब्द कायम आहेत. म्हणून अर्जात २० जून ही माहितीची तारीख स्पष्ट लिहावी, नोटीस मिळाली नाही हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे, आणि मुकादमाची उचल नोंद, कारखान्याच्या तोडणीच्या पावत्या जोडाव्यात, म्हणजे त्या महिन्यांत कुटुंब गावात नव्हते हे दिसेल. त्याच कलमात पुरेसे कारण दाखवल्यास आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेण्याची मुभा आहे. तीही त्याच अर्जात पर्यायाने मागावी. राष्ट्रीय महामार्गासाठी गेलेल्या जमिनीची वाट मात्र निराळी, तिथे लवादाकडे जावे लागते. आणि निवाड्याची प्रत हाती पडेल त्या दिवशी पोच देताना सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने घालावी.