रात्रीचे मीटर

पाण्याच्या मीटरच्या काचेखाली मधोमध एक लहानशी चांदणीसारखी चक्री असते. काही मीटरांत ती लाल असते, काहींत काळी त्रिकोणी. बहुतेक घरांत तिच्याकडे कुणी बघत नाही. रीडिंग घेणारा माणूस काळे आकडे उतरवून घेतो आणि निघून जातो. पण जमिनीखाली पाइप गळत असला तर घरात सर्वांत आधी ते कळते या चक्रीला. कुठे थेंब सांडलेला नाही, भिंतीला ओल नाही, नळ सगळे बंद आहेत, आणि चक्री सावकाश फिरते आहे, असे दिसले की समजावे, पाणी कुठेतरी जाते आहे.

आधी मीटर वाचायचे कसे ते सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. घरगुती मीटरवर काळे आकडे म्हणजे घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. बिलावरचे एक युनिट बहुधा हेच. त्याखाली लाल काट्यांची तीन किंवा चार छोटी घड्याळे असतात. त्यांच्याजवळ 0.1, 0.01, 0.001 आणि 0.0001 असे लिहिलेले असते. पहिल्यातला एक आकडा म्हणजे शंभर लिटर, दुसऱ्यातला दहा लिटर, तिसऱ्यातला एक लिटर. चौथ्या घड्याळाचा काटा पूर्ण एक फेरी मारतो तेव्हा एक लिटर पाणी गेलेले असते. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा घ्यायचा. एवढे आले की झाले.

आता बेळगावची गोष्ट. 2008 साली हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांतल्या काही ठराविक भागांत जागतिक बँकेच्या कर्जातून चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. नव्या पाइपलाइनी पडल्या आणि घरोघरी मीटर बसले. माझी ताई अशाच एका भागात राहते. भाऊजी कानडी, घरात दोन्ही भाषा. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा घरात पाण्याच्या बिलाचाच विषय होता. पाच माणसांच्या घरात महिन्याला अठरा-वीस युनिट पाणी लागायचे, ते पस्तिसाच्या पुढे गेले होते. ताईच्या सासूबाई रोज एकदा तरी विचारायच्या, "नीर यल्लि होगतैति?" शेजाऱ्यांचे मत पडले की मीटरच पळते आहे.

मीटर पळते का, हे पाहणे सोपे असते. वीस लिटरची बादली मापाने भरायची, पाच वेळा. मीटरवर शंभर लिटर वाढले पाहिजेत. आमचे अठ्ठ्याण्णव भरले, म्हणजे मीटर ठीक होते. एरवीही असे की यांत्रिक मीटर जुने झाले तर बहुधा मंद होते, कमी मोजते. पळण्याचा आरोप त्याच्यावर उगाच होतो.

मग रात्रीची पाळी आली. रात्र घ्यायची ती दोन कारणांसाठी. एक तर घरात वापर नसतो. दुसरे, गावातले सगळेच नळ बंद असल्याने मुख्य लाइनीत दाब चढतो आणि गळती असेल तर ती जास्त वाहते. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर लोकही एखाद्या वस्तीची गळती रात्री दोन ते चारच्या सुमारास मोजतात, ते यासाठीच.

पण 'सगळे बंद' म्हणजे काय, इथे माणसे फसतात. नळ बंद केले आणि गच्चीवरची टाकी अर्धीच असली तर बॉल कॉक उघडा राहतो आणि टाकी रात्रभर भरत राहते. मीटर फिरते आणि घरातले अंगण खणायला निघतात. म्हणून टाकी आधी काठोकाठ भरू द्यायची आणि टाकीकडे जाणारी चावी बंद करायची. पाण्याचे फिल्टर यंत्र, कपड्यांचे मशीन, उन्हाळ्यात कूलरला पाण्याची नळी जोडलेली असेल तर ती, हे सगळे बंद. संडासाची फ्लशची टाकी भरली की नाही तेही पाहायचे.

हे सगळे करून रात्री दहा पन्नासला आम्ही बॅटरी घेऊन फाटकापाशी बसलो. काळे आकडे 412, लाल काटे 6, 3 आणि 8. म्हणजे 412 युनिट आणि वर 638 लिटर. चक्री फिरतच होती. भाऊजींनी घड्याळ लावले. एक लिटरच्या काट्याला एक फेरी पूर्ण करायला जवळजवळ पावणेतीन मिनिटे लागली. म्हणजे तासाला साधारण बावीस लिटर. पहाटे चार पन्नासला पुन्हा वाचले: 412 युनिट, 770 लिटर. सहा तासांत 132 लिटर, म्हणजे तासाला बावीसच. दिवसाचे पाचशे अठ्ठावीस, आणि महिन्याचे जवळपास सोळा युनिट. दिवसा दाब थोडा उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी धरावे, पण बिलातली वाढ इथेच सापडली.

नुसती फेरी मोजूनही आकडा कळला असता, मग रात्रभर कशाला, असे कुणी म्हणेल. कारण असे की गळतीचा स्वभाव कळायला वेळ द्यावा लागतो. जमिनीतली गळती एका लयीत चालते; रात्री आणि पहाटे वेग जवळपास तोच. फ्लशची टाकी झिरपत असेल तर चक्री थांबते, मग एकदम फिरते, पुन्हा थांबते, कारण पाणी थोडे उतरल्यावरच तिचा बॉल कॉक उघडतो. आमची चक्री एकदाही थांबली नव्हती. तरी खात्रीसाठी ताईने फ्लशच्या टाकीत चमचाभर खाण्याचा लाल रंग टाकला. अर्ध्या तासानंतरही भांड्यात रंग उतरला नाही.

दुसऱ्या रात्री जागेची वाटणी केली. मीटर फाटकाजवळ, तिथून अंगणाखालून सुमारे पंचेचाळीस फूट पाइप घरापर्यंत, आणि पाइप वर येतो तिथे एक चावी. ही चावी बंद केली. आता चक्री थांबली तर दोष घरातला, फिरत राहिली तर अंगणातला. मात्र जुनी चावी पूर्ण बंद होतेच असे नाही. ती बंद करून पुढचा सर्वांत खालचा नळ उघडायचा आणि पाइपात उरलेले पाणी वाहून जाऊ द्यायचे. त्यानंतरही धार लागून राहिली तर चावी पाणी सोडते आहे आणि त्या परीक्षेला अर्थ नाही. ताईकडे नळ कोरडा पडला आणि चक्री तशीच फिरत राहिली. पावणेतीन मिनिटांची फेरी. पाणी त्या पंचेचाळीस फुटांतच जात होते.

अंगण मात्र कोरडे ठणठणीत. पंचेचाळीस फूट फरशी कोण उखडणार? भाऊजींच्या ओळखीचा एक म्हातारा प्लंबर आला, तोही रात्रीच. त्याच्याकडे तीन फुटांची लोखंडी सळई होती. तिचे एक टोक मीटरजवळच्या पाइपावर, दुसरे कानाजवळच्या हाडावर. मग घराकडच्या चावीवर. दाबाखालचे पाणी बारीक भोकातून सुटते तेव्हा सूं असा एकसुरी आवाज होतो आणि लोखंडी पाइपातून तो दूरवर येतो. घराच्या बाजूला आवाज मोठा होता. मग फरशीवर जागोजागी सळई टेकवत तो भिंतीपासून दहा फुटांवर थांबला. मलाही ऐकायला दिले. खरे सांगायचे तर मला पहिल्यांदा नुसती रातकिड्यांची किरकिर ऐकू आली. पाइप प्लास्टिकचा असता तर म्हाताऱ्यालाही फारसे ऐकू आले नसते, कारण प्लास्टिक आवाज गिळते. तिथे मधोमध खड्डा घेऊन, तिथे पाइप तात्पुरता बंद करून, पुन्हा मीटर पाहायचे, अशी अर्धे-अर्धे करत जायची वाट उरते.

सकाळी दोन फरश्या काढल्या. दोन फुटांवर जीआय पाइपाचा सॉकेट सापडला. आट्यांपाशी पाइप गंजून टाचणीएवढे भोक पडले होते, जेमतेम एक मिलिमीटरचे. तेवढ्यातून तासाला बावीस लिटर जातात, कारण मागे दाब असतो. वर ओल का आली नाही, तेही तिथेच दिसले: पाइपाशेजारून सांडपाण्याची जुनी नळी गेली होती, आणि तिच्याभोवतीच्या भुसभुशीत भरावातून पाणी खालच्या खाली निघून जात होते. तुकडा बदलला. खड्डा बुजवण्याआधी पुन्हा एक रात्र मीटर पाहिले. चक्री हलली नाही. पुढच्या महिन्याचे बिल एकोणीस युनिटांचे आले.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. नेहमीचे अर्धा इंची मीटर तासाला दहा-पंधरा लिटरांच्या खालचा प्रवाह नीट पकडत नाही. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला पंचवीसेक लिटर घालवतो, पण चक्रीला त्याची खबरही नसते. चक्री स्थिर म्हणजे गळती अजिबात नाही, असे म्हणता येत नाही. मोठी नाही, एवढेच.

आता आपल्या आदिलाबादकडे येऊ. इथे जमीन काळी, कापसाची. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत ती फुगते. त्या फुगण्या-आकसण्यात उथळ पुरलेल्या पाइपाचे सांधे ओढले जातात. भेगांतून पाणी खाली उतरते, म्हणून उन्हाळ्यात मोठी गळतीही वर दिसत नाही. पण बेळगावची युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही. आमच्या गल्लीत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, ते जमिनीतल्या संपमध्ये पडते आणि तिथून मोटारीने वर चढते. ज्या घरी मीटर आहे तिथेही पाणी नसलेल्या रात्री चक्री स्थिरच दिसणार, पाइप कितीही फुटका असो. शिवाय पाणी सुटते तेव्हा रिकाम्या पाइपातली हवा आधी मीटरमधून जाते आणि काटे भिरभिरतात. ते मोजमाप खरे नव्हे.

म्हणून अशा घरांनी मीटर पाहायचे ते नळाला पाणी असतानाच. धार स्थिर होऊ द्यावी, हवा निघून जाऊ द्यावी, संपच्या तोंडाची चावी बंद करावी आणि पंधरा मिनिटे चक्रीकडे पाहावे. फिरली तर मीटर आणि संप यांच्यामधला पाइप गळतो. हे काम टाळू नये, कारण पाणी बंद असताना याच भोकातून भोवतालचे घाण पाणी पाइपात शिरते आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धार गढूळ येते.

संप स्वतःच गळत असेल तर त्याला मीटर नाही. त्याचे मीटर म्हणजे खडू. रात्री मोटार आणि नळ बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करावी, सकाळी किती उतरले ते पट्टीने मोजावे. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद संप असेल तर एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे तीस लिटर. झाकण असल्याने वाफेचा हिशेब धरायला नको. आणि वापर न करता दोन-तीन रात्री तसाच ठेवता आला, तर पाणी उतरत उतरत एका जागी थांबते. भेग त्याच उंचीवर असते. गिलावा करणाऱ्या गवंड्याला तीच रेघ दाखवावी.