इम्युनोथेरपीतील थकवा आणि सकाळचे कॉर्टिसॉल

आपल्या प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशींना आवर घालण्यासाठी निसर्गाने काही ब्रेक ठेवलेले आहेत. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे त्यांपैकी दोन. हे ब्रेक सैल केले तर टी-पेशी कर्करोगावर तुटून पडतात, हे दाखवून देणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब, निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे याच तत्त्वावर चालतात. मात्र सैल झालेला ब्रेक केवळ कर्करोगापुरता सैल राहत नाही. टी-पेशी कधीकधी आपल्याच अंतःस्रावी ग्रंथींवरही हल्ला करतात.

यांत सर्वाधिक वेळा सापडते ती थायरॉइड. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिला सूज येते, साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते आणि धडधड, हातांना कंप, वजन घटणे अशी लक्षणे दिसतात. काही आठवड्यांत साठा संपतो आणि ग्रंथी मंदावते. टीएसएचची नियमित तपासणी होत असल्याने हा बिघाड सहसा लक्षात येतो. अवघड असते ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे दुखणे, कारण त्याचे मुख्य लक्षण थकवा हे असते आणि कर्करोगाच्या रुग्णाला थकवा येणे सर्वांनाच स्वाभाविक वाटते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी ५८ वर्षांच्या एका बाईंना इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी एकत्र दिले जात आहे. नवव्या आठवड्यात त्यांचे डोके सतत दुखू लागते, अन्नावरची वासना जाते, उठून उभे राहताच भोवळ येते. तपासणीत सोडियम १२७ निघते. ते १३५ च्या वर असायला हवे. टीएसएच ०.३ आहे आणि फ्री टी-४ कमी आहे.

येथेच थांबून विचार करावा लागतो. थायरॉइड स्वतः बिघडून मंदावली असती, तर पीयूषिकेने तिला जागे करण्यासाठी टीएसएच वाढवले असते. येथे दोन्ही आकडे खाली आहेत. म्हणजे हुकूम देणारी ग्रंथीच दुबळी झाली आहे. उपचारापूर्वी त्यांचे टीएसएच २.१ होते, ही जुनी नोंद हाताशी असल्यामुळे घसरण अधिक स्पष्ट होते. केवळ टीएसएच पाहणाऱ्याची मात्र येथे फसगत होते.

पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींनाही एसीटीएचद्वारे हुकूम देते. म्हणून सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि एसीटीएच तपासले जाते. कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता जवळजवळ निश्चित; १५ च्या वर असेल तर ती संभवत नाही; मधल्या आकड्यांसाठी पुढील चाचण्या लागतात. बाईंचे कॉर्टिसॉल १.६ आणि एसीटीएचही कमी निघते. अधिवृक्क ग्रंथीच नष्ट झाली असती, तर एसीटीएच वाढलेले असते आणि पोटॅशियमही बहुधा चढलेले असते. पण तो प्रकार विरळा. एमआरआयमध्ये पीयूषिका सुजलेली दिसू शकते, परंतु एमआरआय निर्दोष आला म्हणून निदान खोटे ठरत नाही. केवळ पीडी-१ रोखणाऱ्या औषधांमध्ये तर हा विकार अनेक महिन्यांनी, डोकेदुखीशिवायही येतो.

एक खबरदारी हवी. उलटी वा सूज थांबवण्यासाठी रुग्णाला डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिले गेले असेल, तर कॉर्टिसॉलचा आकडा दिशाभूल करतो. म्हणून रक्त देण्यापूर्वी अशा औषधांची माहिती डॉक्टरांना द्यावी.

उपचारात क्रमाला महत्त्व आहे. आधी हायड्रोकॉर्टिसोन, नंतर थायरॉक्सिन. थायरॉक्सिन आधी दिल्यास शरीरातील उरलेसुरले कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्ची पडते आणि रक्तदाब कोसळण्याचा प्रसंग ओढवू शकतो. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर थकवा व भोवळ बहुधा काही दिवसांतच ओसरू लागते. प्रकृती स्थिरावल्यावर कर्करोगाचे उपचार पुष्कळदा पुढे चालू ठेवता येतात; एसीटीएचची उणीव मात्र सहसा कायम राहते.

म्हणून घरच्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिल्या मात्रेपूर्वीचे टीएसएच, फ्री टी-४, सोडियम आणि सकाळचे कॉर्टिसॉल यांचे अहवाल जपून ठेवावेत व दर खेपेस नव्याशी ताडून पाहावेत. नवी डोकेदुखी, भोवळ, उलट्या किंवा अंथरुणाला खिळवणारा थकवा आल्यास पुढील मात्रेची वाट न पाहता कळवावे. औषध बंद झाल्यानंतरही काही महिने ही दक्षता हवी. आणि हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल, तर ते कधीही अचानक थांबवू नये. तापात मात्रा किती वाढवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शनसाठी तत्काळ रुग्णालय गाठावे.