रोख की समभाग? जोखमीचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

३१ जानेवारी २००७ च्या पहाटे लंडनमधील लिलाव संपला आणि कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी टाटा स्टीलने प्रत्येक समभागास ६०८ पेन्स या दराने जिंकली. जुन्या राज्यकर्त्यांचे पोलाद जमशेदपूरच्या कंपनीने विकत घेतले, याचे नगारे आपल्याकडील वृत्तपत्रांतून वाजू लागले. त्या अभिमानाच्या भरात किंमत कोणत्या रूपात दिली जात आहे आणि सौदा फसल्यास तोटा कोणाच्या पदरी पडणार आहे, हा साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शेअर बाजाराने मात्र तो विचारला. त्याच दिवशी मुंबईत टाटा स्टीलचा समभाग सुमारे एक दशांशाने घसरला.

एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा मोबदला रोखीने देता येतो किंवा स्वतःचे समभाग देऊन. हा फरक केवळ हिशेबनिसाच्या सोयीचा आहे असे मानण्याचा प्रघात असला, तरी तो चुकीचा आहे. समजा, खरेदी करणाऱ्या कंपनीचे बाजारमूल्य २०० कोटी आहे, विकल्या जाणाऱ्या कंपनीचे १०० कोटी, आणि सौदा १३० कोटींना ठरला. वरचे ३० कोटी कशासाठी? दोन्ही कंपन्या एकत्र आल्यावर खर्चात बचत होईल, बाजारपेठ वाढेल, या भविष्यातील आशेसाठी. ही आशा फोल ठरली तर काय होते, ते पाहू.

मोबदला रोख दिला असेल, तर विकणारे भागधारक १३० कोटी खिशात घालून केव्हाच घरी गेलेले असतात. तीसच्या तीस कोटींचा फटका खरेदीदाराच्या भागधारकांवर बसतो. मोबदला समभागांत दिला असेल, तर विकणाऱ्यांना एकत्रित कंपनीचा सुमारे ३९ टक्के हिस्सा मिळालेला असतो. परंतु ती कंपनी ३३० कोटींची नसून ३०० कोटींचीच निघाल्यामुळे त्या हिश्श्याची किंमत ११८ कोटींच्या आसपास भरते. म्हणजे तीस कोटींच्या खड्ड्यातील बारा कोटी विकणाऱ्यांनीच भरून काढले. अर्थात सौदा फळाला आला, तर अधिक नफ्यातही ते त्याच प्रमाणात वाटेकरी होतात. म्हणून आपल्या योजनेवर ज्याचा खरा विश्वास आहे तो खरेदीदार रोख देऊ पाहतो, आणि ज्याला स्वतःचाच समभाग फुगलेला वाटतो तो समभाग पुढे करतो. विकणाऱ्याने यातून घ्यावयाचा इशारा उघड आहे.

हा इशारा न घेतल्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १० जानेवारी २००० रोजी अमेरिका ऑनलाइन या कंपनीने टाइम वॉर्नर ही नियतकालिके, चित्रपट व केबल वाहिन्यांची प्रचंड कंपनी घेण्याचा सौदा जाहीर केला. रोख एक डॉलरही द्यावयाचा नव्हता. टाइम वॉर्नरच्या एका समभागास नव्या कंपनीचे दीड समभाग, असे ठरले. अमेरिका ऑनलाइनचा भाव त्या वेळी ७३ डॉलरच्या घरात होता. म्हणजे बाजारात ६५ डॉलरच्या आसपास विकल्या जाणाऱ्या समभागास ११० डॉलर! पण हे ११० डॉलर कागदावरचे होते. करारात ठरले होते ते प्रमाण, मूल्य नव्हे; आणि भाव अमुक मर्यादेखाली गेल्यास प्रमाण वाढवून मिळावे, अशी संरक्षक अटही टाइम वॉर्नरच्या संचालकांनी घालून घेतली नव्हती. सरकारी परवानग्या मिळेपर्यंत एक वर्ष गेले. दरम्यान इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला होता, आणि जानेवारी २००१ मध्ये सौदा पुरा झाला तेव्हा खरेदीदाराचा समभाग पन्नास डॉलरच्या आत आला होता. जुलै २००२ मध्ये तो दहाच्याही खाली गेला. टाइम वॉर्नरच्या जुन्या भागधारकाच्या ६५ डॉलरांचे पंधराही उरले नाहीत. २००२ या एका वर्षात कंपनीने सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखविला.

येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. अमेरिका ऑनलाइनच्या भागधारकांनी फुगलेल्या कागदाच्या बदल्यात खऱ्याखुऱ्या मालमत्तेचा मोठा वाटा मिळविला आणि आपल्या घसरणीचा भार दुसऱ्यांच्या माथी मारला. रोखीने ही खरेदी त्यांना कधीच जमली नसती.

कोरसची गोष्ट नेमकी उलट आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांनी ४५५ पेन्स देऊ केले होते. ब्राझीलची सीएसएन कंपनी चढाओढीत उतरली आणि तीन महिन्यांत हा आकडा तिसऱ्या हिश्श्याने वाढून ६०८ वर गेला; सीएसएनची अखेरची बोली ६०३ होती. सारा मोबदला रोख. समभाग देणे टाटांना सोयीचे नव्हते, कारण कोरस पोलादाच्या उत्पादनात टाटा स्टीलपेक्षा कितीतरी मोठी होती. एवढ्या मोठ्या कंपनीची किंमत समभागांत दिली असती तर भागभांडवलाचा मोठा हिस्सा परक्या हाती जाऊन टाटांचे नियंत्रण सैल झाले असते. नियंत्रण राखावयाचे तर जोखीम पत्करावी लागते, हा हिशेब निदान प्रामाणिक होता. पण ती जोखीम पत्करली कोणी?

रोख रकमेचा मोठा भाग कर्जाऊ होता, आणि त्या कर्जाचा बोजा विकत घेतलेल्या उद्योगाच्याच मिळकतीवर टाकण्यात आला. म्हणजे कोरसचे जुने भागधारक पैसे घेऊन गेले आणि त्यांना दिलेल्या पैशाचे व्याज कोरसच्या भट्ट्यांनी फेडावयाचे ठरले. एप्रिल २००७ मध्ये व्यवहार पुरा झाला. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली, पोलादाची मागणी कोसळली, आणि जानेवारी २००९ मध्ये कोरसने ३,५०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. त्यांपैकी २,५०० ब्रिटनमधील होत्या. मोबदला समभागांत दिला असता, तर कोरसचे जुने भागधारकही या मंदीत पोळले असते, आणि मुख्य म्हणजे हप्ता चुकविता न येणारे एवढे कर्ज उद्योगाच्या डोक्यावर बसले नसते. मंदी त्यामुळे टळली नसती आणि चीनचे स्वस्त पोलादही थांबले नसते. परंतु लाभांश वाईट वर्षात थांबविता येतो, व्याज थांबविता येत नाही.

टाटा स्टीलच्या भागधारकांनाही झळ लागली. २०१२-१३ च्या ताळेबंदात मुख्यतः युरोपातील मालमत्तेपोटी आठ हजार कोटी रुपयांहून अधिक मूल्य पुसून टाकावे लागले. पण भागधारकास समभाग विकून बाहेर पडता येते. वेल्समधील पोर्ट टॅल्बटच्या भट्टीवरील कामगारास तसे बाहेर पडता येत नाही. मार्च २०१६ मध्ये कंपनीचा निर्णय होणार म्हणून त्यांच्या संघटनेचे प्रतिनिधी मुंबईपर्यंत आले, आणि ब्रिटनमधील उद्योग विकण्याचा पर्याय खुला ठेवल्याचे ऐकून परतले. विक्री टळली, पण तिच्या जागी आला तो २०१७ चा पेन्शन समझोता. निधीस ५५ कोटी पौंड व ब्रिटिश उपकंपनीतील ३३ टक्के हिस्सा देऊन कंपनी जुन्या जबाबदारीतून मोकळी झाली आणि सुमारे सव्वा लाख सभासदांपुढे कमी लाभांची नवी योजना किंवा सरकारी संरक्षण निधी, एवढेच मुख्य मार्ग उरले. कोरसच्या भागधारकांना ६०८ पेन्स रोख मिळाले होते. तिच्या पेन्शनरांना दहा वर्षांनी मिळाला तो एका तोट्यातील कंपनीचा समभाग.

म्हणून कंपनी विकली जाण्याची वार्ता येताच कामगार संघटनेने किंमत किती हे विचारण्याआधी तीन कागद मागावेत: मोबदल्यात रोख किती व समभाग किती, रोख रकमेतील कर्ज किती, आणि ते कर्ज कोणत्या कंपनीच्या नावावर चढणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा टाळले जाते. पोर्ट टॅल्बटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझविण्यात आली. तेथील फेररचनेत ब्रिटनभरातील सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार असल्याचे कंपनीने त्या वर्षाच्या आरंभीच जाहीर केले होते.