अंक कोणाचा, स्वाक्षरी कोणाची?

दोघा भावांनी भागीदारीत कापडाचे दुकान काढले. जागा आईच्या नावावर. जीएसटी नोंदणीचा अर्ज भरून झाला, थोरल्याच्या मोबाईलवर ओटीपी आला, तो टाकताच अर्ज दाखल झाला. आता कागदावर सही कशाला हवी, असा प्रश्न धाकट्याला पडणे स्वाभाविक आहे.

उत्तरासाठी ओटीपी नेमके काय करतो, हे पाहिले पाहिजे. GST REG-01 या अर्जाच्या शेवटी भागीदारी संस्थेला दोन सोपे मार्ग मिळतात. EVC निवडल्यास अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या नोंदवलेल्या मोबाईलवर व ई-मेलवर अंक येतो. E-Signature निवडल्यास तो आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येतो. अर्जात नवा क्रमांक आणि आधारला जुना, असे असेल तर अंक येतच नाही, अशी समजूत होते. प्रत्यक्षात तो जुन्या क्रमांकावर गेलेला असतो. कंपनी आणि एलएलपी यांना मात्र डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्रच लागते.

दोन्ही मार्गांचा अर्थ एकच: अर्जातील मजकूर खरा आहे, असे थोरल्याने स्वतः जाहीर केले. म्हणून करसल्लागाराला फोनवर अंक सांगण्यापूर्वी भरलेला अर्ज वाचावा. न वाचता अंक देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे होय.

परंतु हा अंक केवळ थोरल्यापुरता बोलतो. धाकट्याने त्याला संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार दिला का, आईने जागा वापरण्यास संमती दिली का, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्या दोघांच्या मोबाईलवर तर काहीच आलेले नाही. म्हणूनच दोन कागद लागतात. एक, सर्व भागीदारांच्या सह्यांचे अधिकारपत्र. दुसरा, जागामालक म्हणून आईच्या सहीचे संमतीपत्र, सोबत वीजबिलासारखा मालकीचा पुरावा. हे कागदावर छापून, शाईने सही करून, स्कॅन करून अर्ज दाखल करण्यापूर्वीच जोडायचे असतात. जुन्या कागदावरील सहीचे चित्र कापून नव्या पत्रावर चिकटवणे ही सही नव्हे. आईने त्या पत्रावर सही केलेलीच नसते, आणि उद्या वाद झाल्यास मूळ कागद दाखवता येत नाही. मूळ प्रत दुकानाच्या फाईलमध्ये जपावी.

कागद अपुरे असल्यास अधिकारी GST REG-03 द्वारे विचारणा करतो. तिला सात कामकाजाच्या दिवसांत GST REG-04 मधून उत्तर द्यावे लागते. न दिल्यास अर्ज नामंजूर होऊ शकतो.

तेव्हा कोणताही अर्ज भरताना एकच पाहावे: यात कोणाकोणाची संमती गृहीत धरली आहे? ज्याच्या मोबाईलवर अंक आला, त्याची स्वाक्षरी झाली. इतरांची संमती ज्या कागदावर असेल, त्याची स्कॅन प्रत जोडावी.