जमाखर्च आणि गुंतवणूक : जुन्या समभागांची खरी खरेदी किंमत



गेल्या जानेवारीत किराणा मालाच्या घाऊक व्यापारातील एक परिचित कुटुंब एक जुनी फाईल घेऊन आले. वडिलांनी 1995 साली एचडीएफसी बँकेच्या प्रारंभिक भागविक्रीत दहा रुपये दराने 100 समभाग घेतले होते. वडिलांच्या पश्चात 2014 मध्ये ते वारसाहक्काने थोरल्या मुलाच्या डीमॅट खात्यात आले. जून 2025 मध्ये मुलाने त्यातील काही समभाग विकले होते. आता नव्या गोदामाच्या अनामतीसाठी सुमारे आठ लाख रुपये हवे होते, म्हणून आणखी 1,000 समभाग विकावयाचे ठरले होते. प्रश्न एकच होता : नफा किती धरावयाचा?

मुलाने स्वतः एक हिशेब केला होता, दलालाच्या संगणकाने दुसराच दाखविला होता, आणि धाकट्या भावाने भ्रमणध्वनीवरील आलेख पाहून तिसरा मांडला होता. तिन्ही हिशेब चुकीचे होते. चुकीचे मूळ मात्र एकच होते. समभागांची संख्या वाढली की किंमत कशी वाटली जाते, याचा नियम विभाजनासाठी एक आहे आणि बोनससाठी दुसरा, हे कोणी लक्षात घेतले नव्हते.

प्रथम संख्येचा इतिहास पाहू. 1995 मध्ये दर्शनी किंमत दहा रुपये होती आणि समभाग 100 होते. जुलै 2011 मध्ये दहा रुपयांच्या एका समभागाचे दोन रुपयांचे पाच समभाग झाले, म्हणजे संख्या 500 झाली. सप्टेंबर 2019 मध्ये दोन रुपयांच्या समभागाचे एक रुपयाचे दोन झाले, संख्या 1,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये बँकेने एकास एक या प्रमाणात बोनस दिला.

विभाजनात नवे काही हाती येत नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले तर पीठ वाढत नाही, तसेच हे आहे. म्हणून जुनी खरेदी किंमत नव्या संख्येवर सारखी वाटावयाची असते. दहा रुपयांचा समभाग 2011 नंतर दोन रुपयांना आणि 2019 नंतर एक रुपयाला पडला. एकूण खरेदी 1,000 रुपये होती, ती तेवढीच राहिली. धारणकाळही मूळ खरेदीच्या दिवसापासूनच मोजला जातो, आणि वारसाला वडिलांची किंमत व वडिलांचा काळ दोन्ही मिळतात.

बोनसचे तसे नाही. व्यवहारात आपण म्हणतो की एकाचे दोन झाले, तेव्हा किंमत निम्मी झाली. आयकर कायदा असे मानीत नाही. त्याच्या दृष्टीने जुन्या समभागाची किंमत होती तशीच राहते आणि बोनस समभागाची खरेदी किंमत शून्य असते. बोनसचा धारणकाळही जुन्या समभागापासून नव्हे, तर बोनस मिळाल्याच्या दिवसापासून सुरू होतो.

आता 31 जानेवारी 2018 ही तारीख मध्ये येते. शेअर बाजारातील दीर्घकालीन नफ्यावर त्या वर्षी पुन्हा कर सुरू झाला, तेव्हा त्या दिवसापर्यंतचा नफा वगळण्याची सोय ठेवली गेली. त्या दिवसापर्यंत घेतलेल्या नोंदणीकृत समभागासाठी प्रथम दोन आकडे घ्यावयाचे : त्या दिवशी बाजारात नोंदला गेलेला सर्वोच्च भाव आणि आपला विक्रीचा भाव. या दोहोंपैकी जो कमी तो एका बाजूला ठेवावा, प्रत्यक्ष खरेदी किंमत दुसऱ्या बाजूला ठेवावी, आणि त्यांतील मोठा आकडा खरेदी किंमत म्हणून धरावा. या रीतीमुळे नफा कमी होतो, पण कृत्रिम तोटा निर्माण होत नाही.

एचडीएफसी बँकेचा त्या दिवसाचा भाव दोन हजार रुपयांच्या आसपास होता. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण नेमके 2,000 धरू. विवरणपत्र भरताना मात्र बाजाराच्या नोंदीतील नेमका सर्वोच्च भाव घ्यावा, बंद भाव नव्हे. हा भाव दोन रुपये दर्शनी किमतीच्या समभागाचा आहे, आणि 2019 मध्ये त्याचे दोन तुकडे झाले आहेत. म्हणून आजच्या एक रुपयाच्या समभागासाठी तो 1,000 होतो.

या आधारावर जून 2025 मधील विक्री तपासू. मुलाने 200 समभाग विकले होते, भाव समजा 1,950 होता. त्याने यादीतील 2,000 हा आकडा तसाच उचलला. तो विक्रीभावापेक्षा मोठा, म्हणून खरेदी किंमत 1,950 धरली गेली आणि नफा शून्य निघाला. योग्य रीतीने 2018 चा भाव 1,000, नफा प्रत्येकी 950, एकूण 1,90,000. त्यातून वर्षाची 1,25,000 रुपयांची सूट वजा जाता 65,000 उरतात, आणि साडेबारा टक्क्यांनी कर 8,125 रुपये होतो. (येथील सर्व आकड्यांवर उपकर वेगळा.) शून्य नफा दाखवून विवरणपत्र गेले असते, तर पुढे नोटीस आणि व्याज दोन्ही आले असते.

दलालाच्या संगणकाने याच्या अगदी उलट केले होते. विभाजनात दर्शनी किंमत बदलते, तेव्हा समभागाचा आयएसआयएन क्रमांकही बदलतो. डीमॅट खात्यातून जुन्या क्रमांकाचे समभाग जातात आणि नव्या क्रमांकाचे जमा होतात. संगणकाला ती सप्टेंबर 2019 ची नवी आवक वाटली. 2018 नंतरची आवक म्हणून सूट नाही, आणि खरेदीचे बिल नाही म्हणून किंमत शून्य. त्याच्या हिशेबाने नफा 3,90,000 आणि कर 33,125 रुपये होत होता. आपल्या नफा-तोटा पत्रकात जुन्या समभागासमोर खरेदी किंमत शून्य दिसली, किंवा खरेदीची तारीख नेमकी विभाजनाच्या महिन्यातील दिसली, तर हीच चूक झाली असे समजावे.

आता ऑगस्ट 2025 चा बोनस. विक्रीनंतर 800 समभाग उरले होते. त्यांवर 800 बोनस मिळून खात्यात 1,600 झाले. जानेवारीत भाव समजा 980 होता आणि 1,000 समभाग विकावयाचे होते.

धाकट्या भावाने आलेखावर 31 जानेवारी 2018 चा भाव पाहिला, तो 500 च्या आसपास दिसला. आलेख तयार करणारे मागील सर्व भाव विभाजनासाठीही भागतात आणि बोनससाठीही भागतात, कारण त्यांना रेषा सलग दाखवावयाची असते. त्याने सर्व समभागांना 500 ही किंमत लावली. नफा प्रत्येकी 480, एकूण 4,80,000. वर्षाची सूट जूनच्या विक्रीतच संपलेली, म्हणून कर 60,000 रुपये.

कायद्याने मात्र 2018 चा भाव विभाजनासाठीच भागावयाचा, बोनससाठी नाही. आणि डीमॅट खात्यात जो समभाग आधी आला तो आधी गेला असे धरले जाते. म्हणून 1,000 पैकी पहिले 800 हे वडिलांचे जुने समभाग आहेत. त्यांचा 2018 चा भाव 1,000 आणि विक्रीभाव 980. त्यांतील कमी 980, तीच खरेदी किंमत. नफा शून्य. उरलेले 200 बोनसचे, किंमत शून्य, आणि मिळून वर्षही झालेले नाही. त्यांचा 1,96,000 रुपयांचा संपूर्ण नफा अल्पकालीन ठरतो, त्यास सव्वा लाखाची सूट नाही, आणि वीस टक्क्यांनी कर 39,200 रुपये होतो.

हा आकडा पाहून मी त्यांना विचारले, ''गोदामाला नेमके किती हवेत?'' थोरले म्हणाले, ''पावणेआठ लाख पुरे आहेत, सर. राउंड आकडा म्हणून हजार समभाग ठरवले.'' आठशे समभागांचे 7,84,000 रुपये होत होते. त्यांनी आठशेच विकले आणि त्या विक्रीवर कर लागला नाही. बोनसचे समभाग ऑगस्ट 2026 नंतर विकले तर ते दीर्घकालीन होतील. त्या आर्थिक वर्षाची सूट शिल्लक असेल आणि भाव 980 च राहिला, तर त्याच 200 समभागांवर 39,200 ऐवजी 8,875 रुपये कर पडेल. भाव खाली येण्याचा धोका अर्थातच त्यांचा, आणि तो मी त्यांना सांगितला.

हेही ध्यानात ठेवावे की हा कर माफ झालेला नाही. जुन्या समभागांवर नफा दिसला नाही, कारण तो सारा बोनस समभागांच्या शून्य किमतीत साठून राहिला आहे. ते विकले जातील तेव्हा जवळजवळ संपूर्ण विक्रीमूल्य नफा म्हणून मोजले जाईल. मुलांच्या नावे ते कधी गेले, तर ही शून्य किंमतही त्यांच्याबरोबर जाईल.

प्रत्येक बोनसची किंमत शून्यच असते असेही नाही. 31 जानेवारी 2018 पर्यंत मिळालेल्या बोनसला त्या दिवसाच्या भावाचा लाभ मिळतो. रिलायन्सने सप्टेंबर 2017 मध्ये एकास एक बोनस दिला होता. त्या बोनस समभागांना 2018 चा भाव लागतो. त्याच कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये पुन्हा एकास एक बोनस दिला, त्याची किंमत मात्र शून्य. म्हणून कोणत्याही बोनसची पहिली चौकशी त्याच्या तारखेची असावी.

शेवटी एक व्यवहार्य गोष्ट. आपल्या प्रत्येक जुन्या कंपनीसाठी वहीत एक पान राखावे. त्यावर तारीख, घटना, प्रमाण, दर्शनी किंमत, आयएसआयएन क्रमांक, संख्या आणि एकूण खरेदी किंमत असे रकाने पाडावेत. विभाजनाची ओळ लिहिताना संख्या बदलेल, एकूण किंमत एका पैशानेही बदलता कामा नये. बोनससाठी खाली स्वतंत्र ओळ घ्यावी, तिच्यात नवी तारीख आणि शून्य किंमत लिहावी, ती वरच्या ओळीत मिसळू नये. पानावरील एकूण संख्या डीमॅटच्या पत्रकाशी जुळली की पान बरोबर आहे. त्या कुटुंबाने असे पान त्याच दिवशी केले, आणि वडिलांचे 1995 चे वाटपपत्र त्यालाच टाचून ठेवले.