टॉवेलला वास का येतो?

पावसाळा लागला की आपल्या होस्टेलच्या प्रत्येक खोलीत एकच प्रश्न ऐकू येतो, "काहून बे, टॉवेल धुतला नाही का?" आणि बिचारा परवाच धुतलेला असतो! वाळलेला टॉवेल हुंगून पाहा, काहीच नाही. अंग पुसलं की पाच मिनिटांत तोच आंबट, कुबट वास. माझ्या मते यात आळस नाही, चूक धुण्याच्या पद्धतीत आहे.

जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं, की या वासामागे मुख्यतः मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. टॉवेलला लागलेलं अंगाचं तेल आणि घाम यांवर तो जगतो आणि एक आंबूस वासाचं आम्ल सोडतो. कोरडं पडूनही तो मरत नाही, नुसता थांबून राहतो. म्हणून ओलं झालं की वास परत! थंड पाण्यात पावडर टाकून घासल्यावर वरचा मळ जातो, पण धाग्यांच्या आत चिकटलेला थर तसाच राहतो. त्यात आपलं बोअरचं जड पाणी. साबणाचा पांढुरका चिकटा टॉवेलमध्येच बसतो आणि ओल आणखी धरून ठेवतो. सुगंधी कंडिशनर टाकला तर वास दोन दिवस झाकतो, बस्स.

उपाय जुनाच आहे. धोबी कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवून भट्टी लावत, ते उगाच नाही. आपण असं करायचं: बादलीभर पाणी रॉडने कडकडीत तापवा. मग स्विच बंद करून, प्लग काढून रॉड बाहेर घ्या. टॉवेल आत असताना रॉड कधीही लावू नका. पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) आणि थोडी पावडर घाला. टॉवेल काठीने बुडवून वर झाकण ठेवा. तासाभराने घासा आणि फेस जाईपर्यंत खळबळून घ्या. रंगीत टॉवेल वेगळा भिजवा, रंग जातो. परीक्षा सोपी आहे: वाळलेला टॉवेल पुन्हा ओला करून अर्ध्या तासाने हुंगा. वास आला तर सगळं परत एकदा करा.

पण हे करून टॉवेल घडी घालून दाराच्या खिळ्याला टांगला तर आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. तो एकपदरी पसरून पंख्याखाली वाळवावा. खरं तर जुलै-ऑगस्टात जाडजूड टर्किश टॉवेल वापरायचाच कशाला? आजोबांचा पातळ पंचा दोन-तीन तासांत वाळतो. उन्हाळ्यात वर्ध्याचं ऊन काहीही वाळवतं, तेव्हा कोणाला काही कळत नाही. प्रश्न या दोन महिन्यांचा आहे.

म्हणून वॉर्डन सरांना एकच विनंती. नवीन वॉशिंग मशीन नंतर घ्या. आधी गच्चीवर पत्र्याचं छप्पर टाकून, चारही बाजूंनी वारा येईल अशा तारा बांधून द्या. आणि गच्चीचं कुलूप तेवढं काढा!